अपूर्णांकांचा मसावि आणि लसावि: सूत्र कुठून येतं आणि कुठे फसवतं

२/३ आणि ४/५ यांचा लसावि विचारला की बरीच मुलं ताबडतोब "पंधरा" म्हणतात. उत्तर चूक आहे, पण ते येतं कुठून हे समजण्यासारखं आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना आपण छेदांचा लसावि काढतो आणि त्याला बोलताना नुसतं "लसावि काढ" म्हणतो. पंधरा हा ३ आणि ५ या छेदांचा लसावि आहे. प्रश्न मात्र छेदांबद्दल नसून २/३ आणि ४/५ या अख्ख्या संख्यांबद्दल आहे. त्यांचा लसावि ४ आहे आणि मसावि २/१५.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत यासाठी दोन ओळींचं सूत्र पाठ करून घेतात. ते बरोबर आहे. पण ते नुसतं पाठ असेल तर दोन ठिकाणी घात करतं: अंश वर की छेद वर यात गोंधळ होतो, आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात नसेल तर उत्तर चुकतं आणि चुकल्याचं कळतही नाही. म्हणून सूत्राकडे थोड्या आडवाटेने जाऊ.

आधी अर्थ ठरवून घेऊ

पूर्ण संख्यांत "६ हा १२ चा विभाजक आहे" याचा अर्थ १२ ला ६ ने निःशेष भाग जातो. अपूर्णांकांत ही व्याख्या जशीच्या तशी आणली तर पंचाईत होते, कारण तिथे शून्य सोडून कशानेही कशालाही भाग जातो आणि बाकी उरतच नाही. २/३ ला ४/५ ने भागलं की ५/६ येतात, झालं. म्हणून इथे एक अट घालावी लागते: भागाकार पूर्ण संख्या आला तरच "भाग गेला" म्हणायचं. २/३ ला १/३ ने भाग जातो, कारण भागाकार २ येतो. २/३ ला ४/५ ने भाग जात नाही, कारण ५/६ ही पूर्ण संख्या नाही.

एवढी अट मान्य केली की बाकीचं सगळं जुनंच आहे. ज्याने दोन्ही अपूर्णांकांना असा भाग जातो, त्यांतला सर्वांत मोठा तो मसावि. जो दोन्ही अपूर्णांकांच्या पटीत येतो, त्यांतला सर्वांत लहान (अर्थात शून्याहून मोठा) तो लसावि.

ज्यांच्या घरी आजी-आजोबांनी पावकी-निमकी पाठ केली असेल त्यांना लसावि डोळ्यांसमोर दिसेल. दीडकी म्हणा: दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. सवायकी म्हणा: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात. दोन्ही पाढ्यांत पहिल्यांदा भेटणारी संख्या साडेसात, म्हणून दीड आणि सव्वा यांचा लसावि साडेसात. आणि मसावि? दीड म्हणजे सहा पाव, सव्वा म्हणजे पाच पाव. सहा आणि पाच यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणजे पावापेक्षा मोठं माप दोघांना चालणार नाही. मसावि पाव.

या शेवटच्या वाक्यात सगळी युक्ती आली आहे. दीड आणि सव्वा अपूर्णांक वाटतात ते "एक" या एककात मोजतो म्हणून. "पाव" या एककात मोजले की ते नुसते सहा आणि पाच होतात. योग्य एवढं लहान एकक घेतलं की अपूर्णांक उरतच नाहीत, आणि मसावि-लसावि आपण पाचवीपासून काढत आलो तसेच काढता येतात.

पहिली रीत: समच्छेद करून

हीच कल्पना २/३ आणि ४/५ वर चालवून पाहू. एका छोट्या गोल धावपट्टीवर दोन मुली पळताहेत असं धरू. एकीला फेरीला २/३ मिनिट लागतं, दुसरीला ४/५ मिनिट. दोघी एकाच खुणेपासून एकदम सुटल्या. त्या खुणेवर पुन्हा एकदम कधी येतील?

पायरी पहिली: दोन्ही अपूर्णांकांना चालेल असं लहान एकक शोधा. छेद ३ आणि ५, त्यांचा लसावि १५. म्हणजे मिनिटाचा पंधरावा भाग हे एकक घेतलं की काम होतं. (पंधरा या संख्येची खरी जागा इथे आहे: ती एकक ठरवते, अंतिम उत्तर नसते.)

पायरी दुसरी: दोन्ही अपूर्णांक त्या एककात लिहा. २/३ = १०/१५ आणि ४/५ = १२/१५. एकीची फेरी १० एककांची, दुसरीची १२ एककांची.

पायरी तिसरी: आता छेद विसरून फक्त १० आणि १२ यांचा मसावि आणि लसावि काढा. मसावि २, लसावि ६०.

पायरी चौथी: एकक परत जोडा. मसावि २/१५. लसावि ६०/१५, म्हणजे ४.

चार मिनिटांनी दोघी खुणेवर एकदम येतील. पहिलीच्या तेव्हा ६ फेऱ्या झालेल्या असतील, दुसरीच्या ५. सेकंदांत पडताळून पाहा: २/३ मिनिट म्हणजे ४० सेकंद, ४/५ मिनिट म्हणजे ४८ सेकंद. ४० आणि ४८ यांचा लसावि २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं. मसावि ८ सेकंद, म्हणजे ८/६० = २/१५ मिनिट. एकक पंधरावा भाग घेतलं काय आणि साठावा घेतलं काय, उत्तर बदलत नाही.

ही रीत सूत्रापेक्षा थोडी लांब आहे, पण मला विचाराल तर शिकवताना हीच आधी द्यावी. हिच्यात काही पाठ करायचं नाही, आणि पुढे दिसेल तसा अतिसंक्षिप्त रूपाचा काटाही हिला टोचत नाही. दशांश अपूर्णांकांना तर हीच सोयीची पडते. ०.६ आणि १.५ असतील तर दहावा भाग हे एकक घ्या, म्हणजे ६ आणि १५ उरतात. त्यांचा मसावि ३ आणि लसावि ३०, म्हणून उत्तरं ०.३ आणि ३.

दुसरी रीत: सूत्र, आणि ते तसंच का

अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असतील तर:

लसावि = अंशांचा लसावि ÷ छेदांचा मसावि

मसावि = अंशांचा मसावि ÷ छेदांचा लसावि

आपल्या उदाहरणात अंश २ आणि ४, त्यांचा लसावि ४ आणि मसावि २. छेद ३ आणि ५, त्यांचा मसावि १ आणि लसावि १५. लसावि ४/१, मसावि २/१५. पहिल्या रीतीचीच उत्तरं.

छेदाकडे उलटं का होतं? घाईचं उत्तर असं की छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो. लसाविला शक्य तितकी लहान संख्या हवी, म्हणून अंश शक्य तितका लहान आणि छेद शक्य तितका मोठा. मसाविला मोठी संख्या हवी, म्हणून सगळं उलट. एवढं लक्षात राहिलं तरी परीक्षेत गोंधळ होणार नाही. पण "शक्य तितका" म्हणजे कितपत शक्य, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण सूत्राची अट तिथेच दडली आहे.

लसावि आपल्याला अजून माहीत नाही, म्हणून त्याला न/ड म्हणू, आणि हा न/ड अतिसंक्षिप्त आहे असं धरू. तो २/३ च्या पटीत हवा, म्हणजे न/ड ला २/३ ने भागलं की पूर्ण संख्या यायला हवी. हा भागाकार म्हणजे (३ × न) ÷ (२ × ड). तो पूर्ण यायचा तर खालच्या २ आणि ड, दोघांचाही वरच्या गुणाकारात निकाल लागला पाहिजे. २ आणि ३ यांत सामाईक अवयव नाही, म्हणून २ ला न मध्येच मावावं लागेल: न हा २ च्या पटीत हवा. ड आणि न यांत सामाईक अवयव नाही, म्हणून ड ला ३ मध्येच मावावं लागेल: ड हा ३ चा विभाजक हवा.

हेच ४/५ साठी केलं की न हा ४ च्या पटीत हवा आणि ड हा ५ चा विभाजक हवा. दोन्ही एकत्र वाचा. न हा २ आणि ४ दोघांच्या पटीत, म्हणून लहानात लहान न म्हणजे अंशांचा लसावि. ड हा ३ आणि ५ दोघांचा विभाजक, म्हणून मोठ्यात मोठा ड म्हणजे छेदांचा मसावि. सूत्र हातात आलं. मसाविसाठी भागाकार उलटा मांडला, म्हणजे २/३ ला न/ड ने भागलं, की दुसरं सूत्रही याच वाटेने निघतं.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक आला तर आधी तो अंशाधिक करून घ्यायचा. दीड म्हणजे ३/२, सव्वा म्हणजे ५/४. लसावि १५/२, मसावि १/४. दीडकी-सवायकीने दिलेलीच उत्तरं. पूर्ण संख्या आली तर तिच्याखाली छेद १ लिहायचा.

सूत्र फसवतं ते ठिकाण

वरच्या विचारात एक वाक्य सहज गेलं: "२ आणि ३ यांत सामाईक अवयव नाही, म्हणून २ ला न मध्येच मावावं लागेल." अपूर्णांक अतिसंक्षिप्त असण्याची अट म्हणजे हेच वाक्य. समजा कोणी २/३ ऐवजी त्याच किमतीचा ६/९ दिला. आता ६ ला न मध्येच मावण्याची सक्ती नाही, कारण ६ मधला ३ हा अवयव ९ मध्येही मावतो. सूत्राला हे कळत नाही. ते न कडून ६ च्या पटीची मागणी करतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त मागतं.

परिणाम पाहा. ६/९ आणि ४/५ वर सूत्र आंधळेपणाने चालवलं तर लसावि = १२/१ = १२, आणि मसावि = २/४५. खरी उत्तरं ४ आणि २/१५ आहेत.

वाईट भाग असा की नेहमीचा पडताळा इथे काही सांगत नाही. १२ हा २/३ च्या पटीत आहे का? आहे, १८ पट. ४/५ च्या पटीत आहे का? आहे, १५ पट. २/४५ ने दोघांना भाग जातो का? जातो. सूत्राने दिलेली संख्या सामाईक विभाज्य किंवा सामाईक विभाजक असतेच, तिथे ते कधी चुकत नाही. चुकतं ते "लघुत्तम" आणि "महत्तम" या शब्दांपाशी. म्हणून "दोघांत बसतं ना" एवढंच तपासून पुढे जाणारा फसतो.

त्यात आणखी एक खोडी आहे. अतिसंक्षिप्त न करताही कधीकधी उत्तर बरोबर येतं. ४/६ आणि ४/५ घेऊन पाहा. मसावि ४/३०, म्हणजे २/१५, बरोबर. लसावि ४/१, तोही बरोबर. इथे ४/६ मधल्या जादा २ ला दुसऱ्या अंशातल्या ४ ने सामावून घेतलं, म्हणून चूक झाकली गेली. अशी दोन-चार उदाहरणं नशिबाने बरोबर आली की मुलाला वाटतं, अट उगाचच घातली आहे.

खरा पडताळा वेगळा आहे. लसाविला दोन्ही अपूर्णांकांनी भागा, आणि येणारे दोन भागाकार सहमूळ आहेत का ते पाहा. ४ ला २/३ ने भागलं की ६, ४/५ ने भागलं की ५. सहा आणि पाच सहमूळ, म्हणजे उत्तर पक्कं. मसाविसाठी उलट, अपूर्णांकांना मसाविने भागायचं: २/३ ÷ २/१५ = ५ आणि ४/५ ÷ २/१५ = ६. पुन्हा तीच जोडी, फक्त अदलाबदल होऊन.

चुकीच्या उत्तरावर हा पडताळा लावला तर तो चूक पकडतो, आणि दुरुस्तही करून देतो. १२ चे भागाकार आले १८ आणि १५. त्यांचा मसावि ३. म्हणजे १२ हे उत्तर तिप्पट मोठं झालंय, ३ ने भागा: ४. तसंच २/४५ चे भागाकार १५ आणि १८, त्यांचाही मसावि ३. म्हणजे २/४५ तिपटीने लहान झालंय, ३ ने गुणा: ६/४५ = २/१५. ही सवय लागली तर अतिसंक्षिप्त रूप करायला विसरलात तरी बुडणार नाही.

दोन अपूर्णांकांचा गुणाकार त्यांच्या मसावि आणि लसावि यांच्या गुणाकाराएवढा असतो, हा पूर्ण संख्यांचा नियम इथेही लागू पडतो: २/३ × ४/५ = ८/१५ आणि ४ × २/१५ = ८/१५. पण पडताळा म्हणून यावर फार भिस्त ठेवू नका. वरच्या चुकलेल्या जोडीतही १२ × २/४५ = २४/४५ = ८/१५ येतंच. दोन्ही चुका एकमेकींना फेडून टाकतात.

तीन अपूर्णांक असतील तर सूत्र तसंच चालतं, पण गुणाकाराचा नियम मोडतो आणि पडताळ्यात थोडा फरक पडतो. १/२, ३/४ आणि ५/६ यांचा मसावि १/१२ आणि लसावि १५/२. मसाविने भागल्यावर येतात ६, ९ आणि १०. यांतल्या ६ आणि ९ यांना, तसंच ६ आणि १० यांना सामाईक अवयव आहे, पण तिघांना मिळून नाही. तिघांना मिळून नसला की पुरे.

तिसरी रीत: मोठ्यातून लहान काढत जाणं

छेद मोठे आणि ओबडधोबड असले की मूळ अवयव पाडत बसण्यापेक्षा जुनी परस्पर भागाकाराची रीत बरी. आर्यभटाच्या कुट्टकातही हाच परस्पर भागाकार आहे आणि युक्लिडनेही मसाविसाठी हाच वापरला. तिला संख्या पूर्ण असण्याची गरज नाही, अतिसंक्षिप्त असण्याचीही नाही.

मोठ्यातून लहान जितक्या वेळा काढता येईल तितक्या वेळा काढा. उरलेली बाकी आता लहान झाली. मघाच्या लहानातून ही बाकी काढत जा. असं करत बाकी शून्य आली की शेवटी ज्याने काढत होतो तो मसावि. ४/५ मधून २/३ एकदा जातो, बाकी २/१५. २/३ मधून २/१५ पाच वेळा जातो आणि काही उरत नाही. मसावि २/१५. लसावि हवा असेल तर गुणाकाराचा नियम वापरा: ८/१५ ÷ २/१५ = ४.

दोन्ही संख्या अपूर्णांक असतील तर ही रीत कधीतरी थांबतेच. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण घेतले तर मात्र ती कधीच थांबत नाही, बाकी लहान लहान होत राहते. त्यांना सामाईक मापच नाही, म्हणून मसावि नाही आणि लसाविही नाही. √२ अपरिमेय आहे हे म्हणण्याचीच ही दुसरी पद्धत.

एक खरं उदाहरण: पाच वर्षांचं युग

धावपट्टीवरच्या मुली आपण सोयीसाठी कल्पिल्या. आता एक हिशेब पाहू जो लोकांनी खरोखर वापरला. लगधाच्या वेदांग ज्योतिषात वर्ष ३६६ दिवसांचं धरलं आहे आणि पाच वर्षांचं एक युग मानलं आहे. या युगात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास असतात. म्हणजे एक चांद्रमास १८३०/६२ दिवसांचा. अतिसंक्षिप्त रूप ९१५/३१, साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त.

आता कोणी युगाची लांबी सांगितलीच नाही असं समजू. फक्त वर्ष ३६६ दिवस आणि महिना ९१५/३१ दिवस एवढंच हाती आहे. वर्षारंभ आणि अमावास्या एका दिवशी आली, तर पुन्हा तसं किती दिवसांनी होईल? हा सरळ लसाविचा प्रश्न आहे.

तिसरी रीत लावू. ३६६ म्हणजे ११३४६/३१. वर्षातून महिना बारा वेळा जातो: १२ × ९१५/३१ = १०९८०/३१. बाकी ३६६/३१, म्हणजे सुमारे ११.८ दिवस. बारा चांद्रमासांचं वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा-बारा दिवसांनी तोकडं पडतं ते हेच, आणि अधिक मास येईपर्यंत सण दर वर्षी अलीकडे सरकतात तेही यामुळेच. पुढे चालू: ९१५/३१ मधून ३६६/३१ दोनदा जातो, बाकी १८३/३१. ३६६/३१ मधून १८३/३१ बरोबर दोनदा जातो, बाकी शून्य. मसावि १८३/३१ दिवस.

वर्षाला मसाविने भागलं की ६२, महिन्याला भागलं की ५. ६२ आणि ५ सहमूळ आहेत. लसावि म्हणजे ३६६ × ५, किंवा ९१५/३१ × ६२. दोन्हीकडून १८३० दिवस. सूत्रानेही तेच येतं: ३६६ आणि ९१५ यांचा लसावि १८३०, छेद १ आणि ३१ यांचा मसावि १. पाच वर्षं आणि ६२ महिने. पाच वर्षांचे सौर महिने ६०, म्हणून उरलेले दोन अधिक मास. युग पाचच वर्षांचं का, याचं उत्तर या दोन अपूर्णांकांच्या लसावित आहे.

याच ग्रंथाच्या मानाने तिथी घेतली तर मघाचा सापळा समोर येतो. ६२ महिन्यांत प्रत्येकी ३० म्हणजे १८६० तिथी, आणि दिवस १८३०. एक तिथी १८३०/१८६० दिवसाची. तिथी आणि दिवस एकदम सुरू झाले तर पुन्हा एकदम कधी सुरू होतील? अपूर्णांक जसाच्या तसा घेऊन, १ बरोबर सूत्र लावलं तर १८३० आणि १ यांचा लसावि १८३०, छेदांचा मसावि १, उत्तर १८३० दिवस. दिसायला किती पटण्यासारखं! आख्खं युगच आलं. पण पडताळा लावा: भागाकार १८६० आणि १८३०, त्यांचा मसावि ३०. खरं उत्तर १८३० ÷ ३० = ६१ दिवस. तिथी ६१/६२ दिवसाची आहे, म्हणून ६१ दिवसांत ६२ तिथी होतात आणि या मानाने दर ६१ दिवसांनी एक क्षयतिथी येते. संक्षेप करायला विसरणारा माणूस क्षयतिथी पाच वर्षांतून एकदा येते असं सांगून बसेल.

मोजमापाच्या आकड्यांचा लसावि

या उदाहरणातून एक मर्यादाही दिसते, आणि पाठ्यपुस्तकात ती सहसा सांगत नाहीत. समजा कोणी सोयीसाठी चांद्रमास सरळ साडेएकोणतीस दिवसांचा धरला, म्हणजे ५९/२. ९१५/३१ पेक्षा हा फरक फक्त १/६२ दिवसाचा आहे, २३-२४ मिनिटांचा. लसावि किती बदलेल? ३६६ आणि ५९ यांना सामाईक अवयव नाही, म्हणून लसावि ३६६ × ५९ = २१५९४ दिवस. म्हणजे ५९ वर्षं! पाच वर्षांवरून एकदम ५९ वर. आकडा जरासा हलला की त्याचे मूळ अवयव पूर्ण बदलतात, आणि लसावि मूळ अवयवांवर चालतो, आकाराशी त्याला देणंघेणं नाही. बेरीज-गुणाकारात किंचित चूक झाली तर उत्तरात किंचित चूक होते. लसावित तसं नसतं. म्हणून घड्याळाने मोजलेल्या, फुटपट्टीने मापलेल्या संख्यांचा लसावि काढताना त्या किती नेमक्या आहेत हे आधी विचारावं.

वेदांग ज्योतिषाचे आकडेही नेमके नव्हते. आजच्या मानाने ६२ चांद्रमास सुमारे १८३०.९ दिवसांचे होतात, तर पाच सौर वर्षं सुमारे १८२६.२ दिवसांची. एका युगातच साडेचार दिवसांहून जास्त फरक पडतो. पुढच्या ज्योतिर्विदांनी आकडे सुधारले तसं लहान युग टिकणं शक्यच नव्हतं. आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांचं महायुग घेतलं आणि त्यात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ प्रदक्षिणा धरल्या. त्यातून सूर्याच्या ४३,२०,००० वजा केल्या की चांद्रमास उरतात ५,३४,३३,३३६.

आता आपला पडताळा इथे लावून पाहा. महायुग हा वर्ष आणि चांद्रमास यांचा सामाईक विभाज्य आहे, पण लघुत्तम आहे का? ४३,२०,००० आणि ५,३४,३३,३३६ यांना दोघांनाही २४ ने भाग जातो, आणि २४ हाच त्यांचा मसावि. म्हणजे नुसत्या सूर्य-चंद्राचा मेळ महायुगाच्या चोविसाव्या भागात, १,८०,००० वर्षांत बसतो. त्यात चांद्रमास होतात २२,२६,३८९.